गुरुवारी गेटवर आलेला नवीन पोरगा आणि आमची ५८ स्लाइडची इंडक्शन पीपीटी

गुरुवारी सकाळी साडेनऊला सिक्युरिटीच्या काकांचा फोन आला. मी घरी, हाताला कणीक. "मॅडम, तुमचा एक नवीन पोरगा आलाय गेटवर, म्हणतोय दहा वाजता आयटीचं सेशन आहे." मी म्हटलं काका आज गुरुवार आहे ना, तर म्हणाले "अहो तेच सांगतोय मी त्याला, पण तो मोबाइलवर दाखवतोय, लिहिलंय म्हणतो."

आणि लिहिलेलं होतंच. आमच्या इंडक्शनच्या पीपीटीत "डे २, सकाळी १०, आयटी ओरिएंटेशन" असं स्वच्छ लिहिलं होतं. पोरगा बुधवारी जॉइन झाला, कारण महिन्याची १ तारीख बुधवारी आली होती आणि आमच्याकडे पगाराच्या हिशोबासाठी जॉइनिंग शक्यतो १ तारखेलाच देतात. मग त्याचा डे २ म्हणजे गुरुवार. आता पुण्यातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते, भोसरी-चाकण पट्ट्यात कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नाही तर गुरुवारी असते, विजेचा भार वाटून घ्यायला वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार दिले होते तेव्हापासूनची ही पद्धत. आम्हाला त्याची इतकी सवय झालीये की कोणाला मुद्दाम सांगावं लागेल हे डोक्यातच येत नाही. पोरगा लातूरचा, मोशीला मित्रांच्या रूमवर उतरलेला. कंपनीची बस येत नाही म्हणून स्टॉपवर पाऊण तास उभा राहिला, त्याला वाटलं दुसऱ्याच दिवशी आपली बस चुकली, मग घाबरून शेअर रिक्षा करून आला. काकांनी त्याला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि परत पाठवलं.

मी प्लांटच्या एचआरमध्ये आहे, गाड्यांचे पार्ट बनवणारी मध्यम कंपनी, आमच्या प्लांटला परमनंट साधारण चारशे माणसं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. त्या गुरुवारनंतर आमची ती पीपीटी मी उघडून नीट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, खरं सांगायचं तर तीन वर्षं ती मीच दाखवत होते पण दाखवणं वेगळं आणि वाचणं वेगळं. पुढे जे लिहिलंय ते त्या एका पीपीटीचं काय झालं त्याबद्दल.

आत काय होतं

एकूण ५८ स्लाइड. हेड ऑफिसने मुंबईत बनवलेली, सगळ्या लोकेशनला तीच. त्यातल्या २१ कंपनीचा इतिहास, चेअरमनचा संदेश, अवॉर्ड, प्रॉडक्टचे फोटो. ९ ऑर्गनायझेशन स्ट्रक्चर. ४ पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक. २२ पॉलिसी. आणि अगदी शेवटी २ स्लाइड कॉन्टॅक्टच्या, त्या येईपर्यंत जेवणाची वेळ झालेली असायची त्यामुळे मी त्या "हे तुम्हाला मेल करते" म्हणून पुढे ढकलायचे. मेल आयडी मिळायला तिसरा दिवस उजाडायचा, म्हणजे ज्या दोन स्लाइड माणसाला पहिल्या तासात लागतात त्या त्याच्या हातात तिसऱ्या दिवशी.

मुंबईत शनिवार-रविवार सुट्टी. त्यामुळे वेळापत्रक डे १ ते डे ५ असं सरळ आखलेलं, वार नाही, तारीख नाही. बनवणाऱ्याची चूक म्हणवत नाही, त्याच्या दृष्टीने आठवडा सोमवारी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो.

दुसरा घोळ, तो जास्त महागात पडला

गुरुवारचा किस्सा हसण्यावारी गेला असता. पण त्याच पोराचं दोन आठवड्यांनी आणखी एक झालं. बहिणीचा साखरपुडा होता, एक दिवस सुट्टी हवी होती. तो क्वालिटीत, लाइनवर. त्याने शिफ्टच्या क्वालिटी इंजिनिअरला विचारलं, ते म्हणाले "जा ना, त्यात काय". पोरगा गेला. सिस्टीममध्ये अर्ज टाकायचा असतो हे त्याला माहीत होतं, तो त्याने टाकलाही, पण अर्ज गेला मुंबईच्या क्वालिटी हेडच्या लॉगिनला, कारण कागदावर आमच्या प्लांटचे सगळे क्वालिटीचे ट्रेनी त्यांच्याखाली दाखवलेत. त्या साहेबांनी या पोराचं तोंडही पाहिलं नव्हतं, अर्ज तसाच पडून राहिला. २५ तारखेला हजेरी लॉक झाली आणि पगारात एक दिवस गैरहजर लागून आला. पहिलाच पगार, त्यात कापलेला. पोरगा माझ्याकडे आला तेव्हा चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता. म्हणाला, "मॅडम, मग माझे साहेब नक्की कोण?"

मी त्याला पीपीटीतला चार्ट काढून दाखवायला गेले आणि मलाच सापडेना.

नऊ स्लाइड चार्ट होता हो. पॉवरपॉइंटमध्ये स्मार्टआर्ट नावाचं जे आहे त्यात केलेला. ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत असेल, त्यात चौकोन वाढवत गेलं की अक्षर आपोआप बारीक होत जातं, तीस चौकोन झाले की प्रोजेक्टरवर मुंग्या दिसतात. दुसरं म्हणजे त्यात प्रत्येक चौकोनाला वरती एकच बाप असतो. आमच्यासारख्या कंपनीत खरं चित्र तसं नसतंच. क्वालिटीचा माणूस बसतो प्लांटमध्ये, रोजचं काम प्लांटचं, हजेरी प्लांटची, पण खातं म्हणून मुंबईच्या क्वालिटी हेडखाली. याला आमच्याकडे सॉलिड लाइन आणि डॉटेड लाइन म्हणतात, म्हणजे एक खरा रिपोर्टिंगचा संबंध आणि एक अर्धवट. स्मार्टआर्टमध्ये एखादी रेघ फॉर्मॅट करून तुटक करता येते, पण एकाच चौकोनाला दोन वरिष्ठ जोडायचे तर वरून हाताने रेघ काढावी लागते, आणि चार्टमध्ये एक चौकोन वाढवला की ती रेघ तिथेच लटकते. आमच्या चार्टमध्ये अशी एक तुटक रेघ मेंटेनन्सपासून निघून कुठेच न जाता संपत होती. तीन वर्षं मी ती दाखवली, कोणी विचारलं नाही.

आणि सगळ्यात मजा म्हणजे ट्रेनीचा चौकोनच नव्हता. चार्ट मॅनेजरपर्यंत येऊन थांबायचा. ज्याला चार्ट दाखवतोय तोच त्यात नाही.

चार्टऐवजी काय केलं

आधी मीही नवीन, सुंदर चार्ट काढायला बसले. दोन संध्याकाळी घालवल्या. मग लक्षात आलं की पोराचा प्रश्न "कोण कोणाच्या वर" हा नाहीच, त्याला हवंय ते म्हणजे कुठल्या गोष्टीसाठी कोणाकडे जायचं. आणि आमच्याकडे याची उत्तरं वेगवेगळी माणसं आहेत, हेच तर कोणी सांगत नव्हतं.

म्हणून प्रत्येक नवीन माणसासाठी त्याच्या नावाची एक स्लाइड. त्यावर चारच ओळी. रोजचं काम कोण देणार. सुट्टी सिस्टीममध्ये कोण मंजूर करणार. सहा महिन्यांनी कन्फर्मेशनचा फॉर्म कोण भरणार. आणि काही कळलं नाही तर लाज न बाळगता कोणाला विचारायचं. चौघांची नावं, बसतात कुठे ते, आणि एक्स्टेन्शन. त्या पोराच्या बाबतीत ही चार वेगवेगळी माणसं होती, त्यातला एक मुंबईत. स्टोअरच्या माणसाच्या बाबतीत पहिल्या तिन्ही ओळींत एकच नाव येतं, तेही चालतं.

ही स्लाइड भरताना खरी गंमत झाली. मी क्वालिटी मॅनेजरना विचारलं, ट्रेनीची सुट्टी कोण मंजूर करतं, ते म्हणाले मी. मुंबईला विचारलं तर ते म्हणाले सिस्टीममध्ये माझ्याकडे येते पण मला त्यातलं काही कळत नाही, प्लांटने करावी. म्हणजे दोघंही एकाच मताचे आणि सिस्टीम तिसऱ्याच मताची. मग सिस्टीममध्ये मंजुरी देणारं नाव बदलून घेतलं, अकरा जणांचं बदललं, आयटीला अर्ध्या तासाचं काम होतं. पोराचा कापलेला दिवस पुढच्या पगारात एरिअर म्हणून परत आला.

कंपनीचं स्ट्रक्चर मात्र दाखवायला लागतंच, नाहीतर माणसाला प्रॉडक्शन, पीपीसी, टूलरूम हे शब्द नुसते ऐकू येत राहतात. ते आम्ही आता एका पार्टच्या गोष्टीवरून दाखवतो. समजा तू लाइनवर आहेस, एका लॉटमधले दोन पार्ट गेजमध्ये बसले नाहीत. तू लॉटला लाल टॅग लावून होल्ड केलास. इथून गाडी सुरू. प्रॉडक्शनचा सुपरवायझर येऊन म्हणणार सोड रे, डिस्पॅचची गाडी उभी आहे. त्याला तो लॉट सोडायचा अधिकार नाही, तुलाही नाही, क्वालिटी मॅनेजरला आहे, आणि तोही सॉर्टिंग करून जे चांगले निघतील तेवढेच सोडणार. ड्रॉइंगच्या बाहेरचा पार्ट तर कस्टमरच्या लेखी परवानगीशिवाय क्वालिटी मॅनेजरही पाठवू शकत नाही. डाय घासली असेल तर टूलरूम. मशीन हलत असेल तर मेंटेनन्स. आज हा लॉट अडकला म्हणून उद्याचा प्लॅन बदलायचा तर पीपीसी, म्हणजे कुठला पार्ट कुठल्या दिवशी किती काढायचा हे ठरवणारं खातं. कच्चा माल बदलून हवा तर स्टोअर आणि परचेस. कस्टमरकडून फोन आला तर तो तू घ्यायचा नाही, मॅनेजरकडे द्यायचा.

एका लाल टॅगमध्ये सहा-सात खाती येऊन जातात. पोरं हे लक्षात ठेवतात, कारण भांडण कुठे होणार ते त्यात कळतं. प्रॉडक्शनवाल्यांना मात्र हा भाग आवडला नाही, त्यांचं म्हणणं आम्हाला व्हिलन केलंत. थोडं खरं आहे. मग त्यांच्या ट्रेनींसाठी तीच गोष्ट त्यांच्या बाजूने लिहिली, गाडी उभी आहे, लॉट होल्ड आहे, आता तू काय करायचं आणि काय करायचं नाही.

पहिला आठवडा, खरा आणि कागदावरचा

जुन्या वेळापत्रकात पहिल्या पाच दिवसांत आठ डिपार्टमेंट हेडचे पाऊण-पाऊण तासाचे सेशन होते. कागदावर झकास. पण १ तारखेच्या आसपास सगळे हेड मागच्या महिन्याच्या रिव्ह्यूत असतात, त्यामुळे आठपैकी तीन जरी झाले तरी खूप. उरलेला वेळ नवीन माणूस कॉन्फरन्स रूममध्ये मोबाइल बघत बसायचा आणि कोणीतरी मीटिंगला आलं की उठून कॅन्टीनच्या बाहेर उभा राहायचा.

मी पुढच्या दोन जॉइनिंगना घड्याळ लावून बघितलं. गेटवर पास बनून आत यायला एकाला चाळीस मिनिटं लागली, कारण त्याचं नाव गेटला कळवलंच नव्हतं. सेफ्टी शूज त्याच्या मापाचे नव्हते, नऊ नंबर संपलेले, आणि सेफ्टी शूजशिवाय शॉप फ्लोअरवर पाय ठेवता येत नाही, म्हणजे प्लांट राउंड रद्द. दुसरी मुलगी होती, तिला पाच नंबर, लेडीज मापाचे शूज तर स्टोअरमध्ये नसतातच, मागवायला चार दिवस. कागदपत्रांत दीड तास, त्यातला एक तास कॅन्सल चेक नाही म्हणून बँकेचं पासबुक मोबाइलवर मागवण्यात. चेहरा ओळखणाऱ्या पंचिंग मशीनवर नोंदणी पहिल्या दिवशी होते पण ती सगळ्या गेटच्या मशीनवर यायला आमच्याकडे रात्र जाते, त्यामुळे पहिल्या दिवशीचा पंच उमटत नाही आणि ती हजेरी हाताने टाकावी लागते. हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही तर पुन्हा एक दिवस गैरहजर.

यातलं निम्मं काम पहिल्या दिवसाच्या आधीचं आहे. म्हणून पीपीटीचे दोन तुकडे केले. एक नऊ पानांचा, तो जॉइनिंगच्या तीन-चार दिवस आधी व्हॉट्सॅपवर पीडीएफ म्हणून जातो, दुसरा प्लांटमध्ये दाखवायचा. पीपीटी फाइल पाठवत नाही, कारण फोनवर ती वेगवेगळ्या ॲपमध्ये वेगवेगळी उघडते, अक्षरं एकावर एक चढतात. नऊ पानं उभी, फोनच्या आकाराची, मोठं अक्षर, आणि मराठीत. परराज्यातून कोणी येत असेल तर हिंदी कॉपी.

आधीच्या तुकड्यात आम्ही शूजचं माप विचारतो. कागद कुठले आणायचे ते लिहितो, आधार, पॅन, कॅन्सल चेक, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, आणि आधी कुठे पीएफ कापला गेला असेल तर यूएएन नंबर. हे यूएएनचं मुद्दाम, कारण बरेच जण "फ्रेशर" म्हणून येतात पण मधे सहा-आठ महिने कुठेतरी काम केलेलं असतं आणि पीएफच्या फॉर्ममध्ये "आधी मेंबर नव्हतो" वर टिक करून मोकळे होतात, मग जुना पीएफ जोडायला पुढे वर्षभर हेलपाटे.

वेळापत्रकात आता डे १ डे २ नाही. वार आणि तारीख. त्या माणसाच्या खऱ्या तारखा टाकतो, पाच मिनिटांचं काम. बुधवारी जॉइन होणाऱ्याचा आठवडा असा दिसतो. बुधवारी सव्वाआठला गेट, सिक्युरिटीला नाव दिलेलं आहे, मग सेफ्टीची माहिती, ती झाल्याशिवाय फ्लोअरवर नाही, मग कागदपत्रं, साडेबाराला कॅन्टीन, दुपारी पंचिंगची नोंदणी आणि राउंड, चारला त्याची "चार माणसं" त्याला भेटतात, मुंबईवाले व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं. गुरुवारच्या रकान्यात लाल रंगात: सुट्टी. बस नाही. गेटवर येऊ नये. शुक्रवारी लाइनवर, सोबतीला ठरवून दिलेला माणूस. शनिवार कामाचा दिवस, संध्याकाळी माझ्याकडे वीस मिनिटं. रविवार कामाचा दिवस. हे शेवटचं वाक्य वाचून दोन जणांनी फोन केला, मॅडम टायपिंगची चूक आहे का. नाही बाबा, चूक नाही, आणि बरं झालं आत्ताच विचारलंस, कारण आधीच्या एकाने पहिल्याच शनिवारी रात्रीची घरची गाडी बुक केली होती.

हेडचे सेशन तिसऱ्या आठवड्यात ढकलले. तोवर पोराला काहीतरी विचारण्यासारखं सुचलेलं असतं, आणि हेड पण मोकळे असतात.

एक बारीक गोष्ट, जेवण. साडेबाराला कोणासोबत जायचं ते नाव वेळापत्रकात लिहितो. हे मला एका जॉइन झालेल्या मुलीने सांगितलं, पहिल्या दिवशी ती जेवलीच नव्हती, कुपन कुठे मिळतं ते माहीत नाही आणि विचारायचं कोणाला. ५८ स्लाइडमध्ये कॅन्टीनचा मोठा रंगीत फोटो होता, कुपनचं एक अक्षर नव्हतं.

कॉन्टॅक्टची दोन पानं

जुन्या दोन स्लाइडवर २३ नावं, हुद्दा आणि मोबाइल नंबर. मी एक दुपार बसून सगळ्यांना फोन लावला. सहा जण कंपनीतच नव्हते. आयटीचा म्हणून जो नंबर होता तो मुलगा आठ महिन्यांपूर्वी सोडून गेलेला, त्याने फार सज्जनपणे सांगितलं की ताई मला अजून महिन्यातून दोनतीन फोन येतात, मी त्यांना नवीन माणसाचा नंबर देतो. म्हणजे आमचा हेल्पडेस्क दुसऱ्या कंपनीतून फुकट चालत होता.

यात दोन चुका होत्या. एक म्हणजे माणसाचा नंबर दिला होता, जागेचा नाही. माणूस जातो, एक्स्टेन्शन राहतं. आता सगळीकडे एक्स्टेन्शन आणि खात्याचा मेल आयडी. मोबाइल फक्त ज्यांना कंपनीने ड्यूटीसाठी फोन दिलाय त्यांचा. बायकांचे पर्सनल नंबर तर अजिबात नाही, पीपीटी कुठे कुठे फिरते सांगता येत नाही आणि एकीला त्याचा त्रास झालेला मला माहीत आहे.

दुसरी चूक, यादी हुद्द्यांवरून होती. ज्याचा पंच उमटला नाही त्याला "असिस्टंट मॅनेजर, टाइम ऑफिस" हे शब्द माहीतच नसतात. म्हणून डाव्या बाजूला अडचण लिहिली, माणूस बोलेल त्या शब्दांत, आणि उजवीकडे नंबर. पंच उमटला नाही. बस चुकली. कॉम्प्युटर चालू होत नाही. पगार कमी आलाय. शूज चावतायत. सुट्टी अडकली. अकरा ओळी आहेत, बारावी यायला लागली की एक काढतो.

सगळ्यात वर मात्र लागलं, भाजलं, चक्कर आली, आग. इथे जुन्या स्लाइडवर नुसतं १०८ लिहिलं होतं. १०८ बरोबरच आहे, राज्याची ॲम्ब्युलन्स सेवा आहे, पण फॅक्टरीच्या आतून नवीन पोराने थेट १०८ लावला तर तो पत्ता काय सांगणार? आमच्या भागात फेज वेगळे, प्लॉट नंबर वेगळे, दोन कंपन्यांची नावं सारखी. शिवाय गाडी आली तरी गेटवर कोणाला माहीत नाही, बॅरिअर खाली. म्हणून क्रम असा लिहिला, पहिला फोन आतल्या फर्स्ट एड सेंटरला, दुसरा मेन गेटला, १०८ गेट लावतं आणि बॅरिअर उघडून माणूस रस्त्यावर उभा करतं. आणि खाली जाड अक्षरात प्लॉट नंबर, फेज आणि समोरच्या पेट्रोल पंपाची खूण, म्हणजे कोणी स्वतः लावलाच तर वाचून दाखवता येईल.

मग लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीला ती लागते, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा, आणि सदस्यांची मुदत तीन वर्षांच्या वर नाही. समिती नेमल्याचा आदेश कामाच्या ठिकाणी ठळक दिसेल असा लावायचा असतो. आमच्या स्लाइडवर समितीची नावं होती, पण त्यातल्या दोघी सोडून गेलेल्या आणि बाहेरच्या सदस्याची मुदत संपून नवीन बाई आलेल्या. नोटीस बोर्डावर बरोबर, पीपीटीत चूक. सगळ्या चुकांमध्ये ही सगळ्यात वाईट होती, कारण बस चुकली तर माणूस दुसऱ्याला विचारतो, ही गोष्ट दुसऱ्याला विचारत फिरण्यासारखी नसते. आता त्याचं वेगळं पान आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि ती देण्याआधी आपल्या साहेबांना किंवा एचआरला सांगायची गरज नाही, हे शब्द तसेच लिहिलेत. समितीचा मेल आयडी वेगळा काढून घेतला, तो एचआरच्या इनबॉक्समध्ये येत नाही.

ताजं ठेवायचं कसं

यावर मी आधी हुशारी केली. कॉन्टॅक्टची एक एक्सेल केली आणि पीपीटीत ती लिंक करून चिकटवली, म्हणजे एक्सेल बदलली की स्लाइड बदलेल. माझ्या कॉम्प्युटरवर मस्त चाललं. फाइल दुसऱ्याला मेल केली की त्याच्याकडे ती एक्सेल नाही, लिंक तुटते, पण स्लाइडवर जुनी नावं तशीच दिसत राहतात. ती कोरी दिसली असती तर निदान कळलं तरी असतं. महिन्याभरात ते काढून टाकलं.

आता साधं ठेवलंय. कॉन्टॅक्टचं पान पीपीटीत नाहीच, वेगळं एक पान आहे, खाली तपासल्याची तारीख. दर महिन्याच्या २५ तारखेला, हजेरी लॉक करायच्या दिवशी, मी किंवा माझी सहकारी अकराही नंबर लावून बघतो. पंधरा मिनिटं. आणि नोकरी सोडणाऱ्याच्या नो-ड्यूज फॉर्मवर एक ओळ वाढवली: या व्यक्तीचं नाव इंडक्शनमध्ये कुठे आहे का. लॅपटॉप जमा केला का, त्याच्या बरोबर खाली. हिशोब तिथे अडकतो, त्यामुळे ती ओळ कोणी विसरत नाही.

चाललंय की नाही ते बघायला पहिल्या शनिवारी नवीन माणसाला आठ प्रश्न विचारते, पान न बघता. उद्या सुट्टी आहे का, सुट्टी कोण मंजूर करतं, बोट कापलं तर पहिला फोन कुठे, असे. पहिल्या पाच जणांपैकी दोघं सुट्टीच्या प्रश्नावर चुकले, चार ओळींची स्लाइड मिळूनसुद्धा. खोदून विचारलं तर कळलं, मी तिथे आधी "रिपोर्टिंग मॅनेजर" लिहिलं होतं आणि त्यांच्या डोक्यात रिपोर्टिंग मॅनेजर म्हणजे सकाळी ज्याला जाऊन तोंड दाखवतो तो. तो शब्द काढून "सुट्टी मंजूर करणारे" केलं, पुढच्या चौघांनी बरोबर सांगितलं. नमुना लहान आहे, मान्य.

कॉन्ट्रॅक्टवरच्या कामगारांना यातलं फार काही मिळत नाही हेही सांगून टाकते. त्यांचं जॉइनिंग कॉन्ट्रॅक्टरकडे, त्यांची सुट्टी आणि पगारही तिकडे, त्यामुळे "चार माणसं" वेगळी पडतात. इमर्जन्सीचं आणि समितीचं पान तेवढं त्यांना देतो, बाकी अजून जमलेलं नाही.

हेड ऑफिसने सुरुवातीला नाक मुरडलं. २१ स्लाइड कुठे गेल्या म्हणून फोन आला. तडजोड अशी झाली की चेअरमनचा संदेश आणि इतिहास तिसऱ्या आठवड्यात, हेडच्या सेशनच्या आधी. मुंबईचं वेळापत्रक त्यांनी तसंच ठेवलंय, तिकडे शनिवार-रविवार आहे, त्यांचं चालतं.

सिक्युरिटीच्या काकांनी मात्र नऊ पानांची एक प्रिंट मागून घेतली आणि केबिनमध्ये काचेखाली ठेवली. परवा मी आत येताना त्यांनी थांबवलं. म्हणाले, "मॅडम, ते गुरुवारचं छान केलंत. पण मोशीचा बसचा स्टॉप बदललाय ना, पुलाच्या अलीकडे आणलाय, तीन महिने झाले. तुमच्यात अजून जुनाच आहे." अकरा नंबर दर महिन्याला तपासत होतो, बसचे स्टॉप त्यात धरलेच नव्हते.